आबाजींची तिथी

तारखेनं आबाजींना जाऊन चार वर्षं दोन आठवड्यांनी होतील, पण घरी तिथी पाळतो. म्हणून आज, फाल्गुन वद्य तृतीया. आईनं खीर, वडे, कढी, आमसुलाची चटणी असं पान वाढलं. गच्चीवर ठेवलेल्या घासाला कावळा काही शिवेना. शेवटी बाबांनी पानाच्या कडेला संत्र्याच्या दोन फोडी ठेवल्या.

या दिवसांत आबाजी नागपूरच्या कळमना बाजारातून मृग बहाराची संत्री आणायचे. दिवाळीच्या आसपास येणारा आंबिया बहार त्यांच्या लेखी पाणचट. (यावर काकाशी दरवर्षी वाद!) रंगावर जायचं नाही, फळ तळहातावर तोलायचं. आकाराच्या मानानं जड असेल तर रस भरलाय. साल फुगलेली आणि फळ हलकं, तर आत फोडी सुकलेल्या. मला हे दहाव्या वर्षी शिकवलं, तेही विक्रेत्यासमोर, त्याच्याच टोपलीतली संत्री उचलून. सोललं की पहिली फोड आजीची.

साडेअकराला कावळा आला. वडा उचलला, संत्र्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आजी खुर्चीवरून बघत होती. म्हणाली, "हलकं असन ते."