आधी फोन, मग पहिली स्लाइड

"दुसऱ्यासाठी पीपीटी करायची तर तुम्ही आधी एवढ्या चौकशा का करता? चार स्लाइड करून दाखवल्या की समोरचा सांगतोच ना, काय बदलायचं ते?"

सांगतो, पण भलतंच सांगतो. समोर तयार स्लाइड ठेवली की माणूस स्लाइडच बघतो. निळा जरा गडद करा, लोगो उजवीकडे घ्या, इथे एखादा फोटो टाका. मुळात ही स्लाइड हवीच कशाला, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात येत नाही. आलं तरी केलेली स्लाइड काढून टाकणं दोघांच्याही जिवावर येतं.

मी हे एकदा पुरतं भोगलंय. ओळखीच्या एका अधिकाऱ्यांसाठी मी मोठी देखणी पीपीटी केली. पानभर चित्र, खाली जेमतेम चार शब्द, कारण बाकीचं ते बोलतील असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ती फाइल ईमेलने आठ जणांना जाणार होती आणि प्रत्येक जण ती एकट्याने वाचणार होता. बोलणारं कोणी नव्हतंच. "यात काहीच लिहिलेलं नाही," असा निरोप आला. निरोप खरा होता, म्हणून जास्त लागला. तेव्हापासून पहिला प्रश्न ठरलेला: यावर कोणी उभं राहून बोलणार आहे, की ही पाठवायची आहे? "दोन्ही" असं उत्तर आलं तर मी दोन फाइली करतो. एकीवर भागवायला गेलं की पडद्यावर वाचवत नाही आणि वाचताना पुरत नाही.

आता एक काम सविस्तर सांगतो. गोदामाचा कारभार बघणाऱ्या एका मॅडमचा फोन आला. "मालाची मोजणी स्कॅनरने करायची आहे. त्यावर वीस स्लाइड करून द्या. साहेब लोकांसमोर आहे."

"उद्देश काय?" असं मी विचारत नाही. त्याला "माहिती द्यायची आहे" हे एकच उत्तर मिळतं आणि त्याचा काडीचा उपयोग नसतो. मी विचारलं, "मॅडम, तुमचं बोलून झालं, दिवे लागले. आता त्या खोलीतल्या कोणी काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

फोनवर जरा वेळ शांतता. मग, "स्कॅनर मंजूर करावेत."

"सगळ्या गोदामांसाठी?"

"छे, छे. आधी एका गोदामात तीन महिने करून बघू द्यावं. एवढंच."

हे "एवढंच" बाहेर यायला दोन प्रश्न लागले. विचारलं नसतं, तर मी सगळ्या गोदामांचा भव्य आराखडा काढून बसलो असतो.

मग साहेब लोक म्हणजे कोण? पाच जण येणार होते. मी नावं विचारत बसलो नाही. होकार कोणाच्या हातात आहे आणि मोडता कोण घालेल, हे दोनच विचारलं. दोन्हीचं उत्तर एकच निघालं: हिशेब खात्याचे प्रमुख. आदल्या वर्षी हाच विषय निघाला तेव्हा ते म्हणाले होते, "चुका माणसं करतात, यंत्र काय करणार?"

मॅडमनी स्कॅनर विकणाऱ्यांची चौदा पानं मला आधीच पाठवून ठेवली होती. या एका वाक्याने ती सगळी बाजूला गेली. यंत्र कसं चालतं हे त्या गृहस्थांना नकोच होतं, चूक नेमकी कुठे होते ते हवं होतं. म्हणून मी मॅडमना मागच्या मोजणीतला एकच माल निवडायला सांगितला. कोड 68 चा माल, वहीत 340 नग, फळीवर 312. 28 नगांची तफावत. त्यांनी जुने कागद काढून माग घेतला. कोड 86 च्या मालाचं 24 नगांचं खोकं आलं होतं आणि कागदावरून वहीत उतरवताना 86 चं 68 झालं होतं. उरलेल्या चारांचा पत्ता लागला नाही. हे चार स्कॅनरनेही सापडले नसते आणि तसं आम्ही स्लाइडवर स्पष्ट लिहिलं. मॅडम आधी कचरल्या. पण हिशेबाच्या माणसासमोर 28 च्या 28 चं श्रेय यंत्राला देणं म्हणजे आपणच पाय घसरायची सोय करणं.

वेळेचं विचारलं तर "वीस मिनिटं" म्हणाल्या. वीस मिनिटं बोलायला, की सगळं धरून? सगळं धरून. लॅपटॉप जोडून पडदा दिसेपर्यंत दोन गेली, प्रश्नांना सहा ठेवली, उरली बारा. मॅडमना फोनवरच एक मुद्दा बोलून दाखवायला सांगितला आणि घड्याळ लावलं. त्या शांतपणे बोलतात, एका मुद्द्याला दोन मिनिटं गेली. म्हणजे वीस नाही, सहा स्लाइड. यंत्राची माहिती शेवटच्या स्लाइडच्या मागे ठेवून दिली, कोणी विचारलं तर उघडायला. शिवाय आधीच्यांचं बोलणं लांबलं आणि पाचच मिनिटं मिळाली तर काय दाखवाल, हेही विचारलं. त्यामुळे "एक गोदाम, तीन महिने" ही मागणी शेवटून उचलून दुसऱ्या स्लाइडवर आणली.

जागेबद्दल लोक "मीटिंग रूम" एवढंच सांगतात. मी मागच्या खुर्चीतून काढलेला एक फोटो मागवतो. फोटोत लांबट टेबल दिसलं, टोकाला 55 इंची टीव्ही, शेवटची खुर्ची साधारण सात मीटरवर. माझा लॅपटॉप 14 इंची. 55 भागिले 14, म्हणजे जवळजवळ चार. सात मीटरला चाराने भागलं की पावणेदोन मीटर. लॅपटॉपवर स्लाइड पूर्ण पडदाभर लावायची, पावणेदोन मीटर मागे जाऊन बसायचं. मागच्या खुर्चीतल्या माणसाला अक्षर जेवढं दिसणार, तेवढंच इथून दिसतं. (दोन्ही पडदे 16:9 असतील तरच हा हिशेब जमतो.) माझ्या 18 पॉइंटच्या अक्षरांत वेलांट्या, रफार एकमेकांत मिसळत होते, 28 ला सुटे दिसले. टेबलाभोवतीच्या डोक्यांनी टीव्हीचा खालचा भाग झाकला जात होता, म्हणून आकडे वरच्या अर्ध्यात घेतले. लॅपटॉप कोणाचा, हे मात्र आवर्जून विचारा. त्यांचाच असेल तर आपला फॉन्ट तिथे नसतो आणि मजकूर हलतो. मी सोबत पीडीएफ देतो.

फोन ठेवल्यावर त्याच दिवशी मी निरोप पाठवतो. फोनवरचं दोघांनाही आपापल्या सोयीचं आठवतं. मॅडमना पाठवलेला असा होता:

"एका गोदामात तीन महिन्यांच्या चाचणीला मंजुरी. निर्णय हिशेब खात्याचा. सगळं धरून वीस मिनिटं, सहा स्लाइड, बोलणार तुम्ही. लांबट खोली, 55 इंची टीव्ही, लॅपटॉप त्यांचा. यात चुकीचं असेल ते उद्या दुपारपर्यंत सांगा, मग सुरू करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. "बाकी बरोबर. फक्त बोलणार मी नाही, आमचे सर. त्यांना आजच कळलंय."

मी सरांचा नंबर मागून घेतला.