तीन आणि सात

विद्यापीठाच्या मध्यवर्ती मूल्यांकन केंद्रात, ज्याला आम्ही सगळे ‘कॅप’ म्हणतो, त्या वर्षी तृतीय वर्ष कला शाखेच्या आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासाच्या पेपरसाठी माझी नियामक म्हणून, म्हणजे परीक्षकांनी दिलेले गुण पडताळून पाहण्यासाठी, नेमणूक झाली होती. पेपर 60 गुणांचा होता आणि उत्तीर्ण होण्यासाठी 24 गुण लागत होते. दोन परीक्षक होते. मॅडमचा अध्यापनाचा अनुभव पंचवीस वर्षांचा होता, तर सरांना पूर्णवेळ नोकरीत येऊन चारच वर्षे झाली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दोघांच्या तपासून झालेल्या गठ्ठ्यांतून प्रत्येकी वीस उत्तरपत्रिका काढल्या. सरांच्या उत्तरपत्रिकांची सरासरी 27 निघाली आणि मॅडमच्या 33. सहा गुणांचा हा फरक पाहून केंद्रावरच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सरळ मार्ग सुचवला. “सरांच्या सगळ्या गठ्ठ्यांना सहा-सहा गुण वाढवून टाका, दुपारपर्यंत मोकळे व्हाल,” असे ते म्हणाले.

तसे करायला मन तयार होईना, कारण दोघांनी तपासलेल्या उत्तरपत्रिका वेगवेगळ्या होत्या. बैठक क्रमांक झाकलेले असल्यामुळे कोणता गठ्ठा कोणत्या महाविद्यालयाचा आहे, हे आम्हाला कळत नव्हते. मॅडमच्या वाट्याला मुळातच चांगली उत्तरे आली असण्याची शक्यता होतीच. हाताची कडकता मोजायची तर दोन्ही हातांखालून तीच उत्तरपत्रिका जायला हवी, आणि तीही दुसऱ्याचे गुण डोळ्यांसमोर न येता. तपासलेल्या उत्तरपत्रिकेवर समासात लाल शाईच्या खुणा असतात. त्या एकदा दिसल्या की दुसरा परीक्षक कितीही प्रामाणिक असला, तरी त्याचा आकडा त्या खुणांकडे ओढला जातो. म्हणून मी न उघडलेल्या एका गठ्ठ्यातून बारा कोऱ्या, म्हणजे अजून कुणी न तपासलेल्या उत्तरपत्रिका घेतल्या. दोघांना स्वतंत्र टेबलांवर बसवले, आणि उत्तरपत्रिकेवर एकही खूण न करता प्रश्ननिहाय गुण वेगळ्या कागदावर लिहायची विनंती केली.

दुपारी दोन्ही कागद शेजारी ठेवले. त्याच बारा उत्तरपत्रिकांवर सरांची सरासरी 28.5 होती आणि मॅडमची 32. म्हणजे सकाळी दिसलेल्या सहांपैकी साडेतीन गुणांचाच फरक हाताचा होता; उरलेला बहुधा गठ्ठ्यांचा होता. सरसकट सहा गुण वाढवले असते, तर सरांकडे गेलेल्या विद्यार्थ्यांना अडीच गुण विनाकारण मिळाले असते. बारा हा आकडा लहान आहे आणि या अडीच गुणांवर मी पैज लावणार नाही, पण दिशा स्पष्ट होती.

पुढचे काम प्रश्ननिहाय फरक काढण्याचे होते, आणि तिथे खरी गोष्ट हाती लागली. साडेतीनपैकी अडीच गुणांचा फरक एकट्या तिसऱ्या प्रश्नात होता. ‘1875 च्या दख्खनच्या दंग्यांची कारणे स्पष्ट करा’ असा दहा गुणांचा तो प्रश्न होता. बारापैकी आठ विद्यार्थ्यांनी यादी लिहिली होती: रोखीने भरावा लागणारा सारा, सावकारांचे चढे व्याज, कापसाचे पडलेले भाव, सावकारांच्या बाजूने झुकणारी दिवाणी न्यायालये, दुष्काळ. प्रत्येक मुद्द्याला एखाद-दुसरी ओळ, आणि शेवटी सुपे येथे 12 मे 1875 रोजी दंगा सुरू झाल्याचा उल्लेख. या आठही उत्तरांना सरांनी तीन गुण दिले होते आणि मॅडमनी सात. दोन उत्तरांत दोघांचे गुण सारखे होते. उरलेल्या दोघांनी मात्र मुद्दे एकमेकांत गुंफले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला, त्या तेजीत सावकारांनी मोकळ्या हाताने कर्ज दिले, युद्ध 1865 मध्ये संपल्यावर भाव कोसळला, पण वाढवलेला सारा कमी झाला नाही, आणि सावकाराने हात आखडता घेतल्यावर शेतकऱ्याचा राग कर्जखतांवरच का निघाला, हे त्यांनी नीट मांडले होते. त्यांना सरांनी आठ गुण दिले होते आणि मॅडमनी सात.

मी ते कागद बराच वेळ पाहत राहिलो. सर कडक आणि मॅडम उदार, एवढेच हे प्रकरण नव्हते. मॅडमच्या हातून यादीला सात आणि विवेचनालाही सातच गुण गेले होते; जो विद्यार्थी खरोखर समजून लिहीत होता, त्याच्यावर अन्याय झाला होता तो उदार हाताकडूनच. उलट पाच अचूक कारणे लिहिणाऱ्याला दहापैकी तीनच गुण देणे, हेही मला पटत नव्हते. शिवाय सरांच्या गुणांत सरसकट भर घातली असती, तर आठ गुणांचे ते उत्तर दहाच्याही वर गेले असते. दोन परीक्षकांत नेहमी सारखाच फरक असेल, तर तो बेरजेने मिटतो. पण उत्तरांचा क्रमच दोघांच्या हाती वेगळा लागत असेल, तर कोणतीही बेरीज कामाची नसते. ते उत्तर पुन्हा वाचावेच लागते.

मी दोघांना समोरासमोर बसवले आणि आधी आकडे न सांगता आदर्श उत्तराचा कागद मध्ये ठेवला. त्यावर कारणांची यादी होती आणि शेवटी ‘10 गुण’ एवढेच लिहिले होते. मॅडम म्हणाल्या, “पाच कारणे, प्रत्येकी दोन गुण, भाषेचे थोडे कमी केले.” सर म्हणाले, “प्रश्नात ‘स्पष्ट करा’ म्हटलंय, मॅडम. नुसती नावं घेतली तर स्पष्टीकरण कुठे झालं?” दोघांचेही वाचन त्या कागदाशी विसंगत नव्हते. दोष कागदात होता. अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर असे ठरले की अचूक कारणांना प्रत्येकी एक याप्रमाणे पाच गुण द्यावेत, आणि उरलेले पाच कारणांचा परस्परसंबंध दाखवण्यासाठी राखावेत. त्याच बारा उत्तरांवर दोघांनी पुन्हा स्वतंत्र गुण दिले, तेव्हा एकाही उत्तरात एका गुणापेक्षा जास्त फरक राहिला नाही.

मग दोघांच्याही सगळ्या गठ्ठ्यांतला फक्त तिसरा प्रश्न पुन्हा तपासला गेला. संध्याकाळपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते काम चालले. मॅडमनी एकदाही कुरकूर केली नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. इतर प्रश्नांतला सरासरी एका गुणाचा फरक मी तसाच ठेवला. दोन माणसांच्या वाचनात तेवढे अंतर असणारच. मात्र 22 ते 24 गुणांच्या सर्व उत्तरपत्रिका मी स्वतः पहिल्या पानापासून वाचल्या.

जड गेले ते तीन उत्तरपत्रिकांचे. मॅडमकडे त्यांना नेमके 24 गुण होते. तिसऱ्या प्रश्नाचे सातचे पाच झाल्यावर 22 उरले. सरांच्या गठ्ठ्यातल्या 22 गुणांच्या काही उत्तरपत्रिका त्याच निकषाने 24 वर गेल्या होत्या, आणि तिकडे हिरव्या शाईने सही करताना हात अडखळला नव्हता. या तीन मी दोनदा वाचल्या, पुरवण्यांची बेरीज पुन्हा केली, टिपांमध्ये एखादा सुटलेला अर्धा गुण शोधला. सापडला नाही. सवलतीच्या गुणांचा निर्णय परीक्षा विभागाचा असतो, तो माझ्या हाती नव्हता. तिन्हींवर 22 लिहून मी सही केली, आणि अहवालात तिसऱ्या प्रश्नाच्या आदर्श उत्तरात गुणांची विभागणी छापलेली नव्हती, हे पहिल्याच ओळीत नोंदवले.