मेसेज गेला, पण पोहोचला का?

"ताई, किचन बंद केलंत का? हल्ली मेन्यूचा मेसेज येत नाही."

दर आठवड्याला डबा घेणाऱ्या काकूंचा आज फोन आला. मेसेज तर रोज जातो! मग लक्षात आलं, त्यांनी नवा फोन घेतला आणि त्यात माझा नंबर सेव्हच नव्हता. मेन्यू मी व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्टने, म्हणजे यादीतल्या सगळ्यांना एकदम पाठवते, आणि तो आपला नंबर सेव्ह असलेल्यांनाच मिळतो. स्टेटस दिसायला तर दोघांकडेही एकमेकांचा नंबर लागतो.

पाठवलेल्या ब्रॉडकास्टची 'माहिती' उघडली. कुणाकुणाला पोहोचला ते तिथे दिसतं. यादीतली बरीच नावं तिथे कित्येक दिवस नव्हतीच. ते गिऱ्हाईक नाराज आहेत असं मी धरून चालले होते, याचं फार वाईट वाटलं.

आता पहिल्या ऑर्डरनंतर प्रत्येकाला वेगळा मेसेज: "उद्याचा मेन्यू रोज संध्याकाळी पाठवते. मिळायला हा नंबर सेव्ह करा आणि 'हो' कळवा." 'हो' आलं की मगच यादीत नाव. संध्याकाळी मेन्यू आणि ऑर्डरची शेवटची वेळ, सकाळी एका ओळीची आठवण, बस. स्वयंपाकाचे फोटो स्टेटसवर; ते 24 तासांनी नाहीसं होतं, म्हणून ऑर्डरची वेळ फक्त तिथे लिहीत नाही.

घरून किचन चालवणाऱ्यांनो, तुमच्या यादीतल्या किती जणांना मेसेज खरंच पोहोचतो?