तोंडं बंद, वाळू चालू

"ऑफिसातल्या लोकांसोबत खेळायला चोरी-सुटका असा थरार असलेला खेळ सांगा. बंदुका, मारामारी नको. आणि आमचे साहेबच सगळ्यांच्या चाली ठरवतात, त्यावर काही उपाय आहे का?"

उपाय आहे. साहेबांना फक्त डावीकडची दिशा द्यायची आणि तोंड बंद ठेवायला लावायचं.

हे मी गमतीनं म्हणत नाही. 'मॅजिक मेझ' नावाचा पटावरचा खेळ नेमका यावरच उभा आहे. कॅस्पर लॅप या डॅनिश माणसानं तो रचला, आणि 2017 साली जर्मनीतल्या 'श्पील देस यारेस' या मानाच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत तो होता. गोष्ट साधी आहे. मांत्रिक, योद्धा, एल्फ आणि बुटका अशा चौघांचं सामान लुटलं गेलंय, हातात पैसा नाही, म्हणून ते एका मॉलमध्ये शिरून आपापलं हत्यार उचलणार आणि दारातून पळणार. कुणी कुणाला मारत नाही. शत्रू एकच, तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ.

गंमत अशी की कुठलीच सोंगटी कुणाच्या मालकीची नसते. प्रत्येकासमोर एक कार्ड असतं आणि त्यावर एक दिशा. माझ्याकडे 'वर' असेल तर मी चारांपैकी कुठलीही सोंगटी कधीही हलवीन, पण फक्त वर. डावीकडे न्यायची असेल तर ज्याच्याकडे 'डावीकडे' आहे त्याचीच वाट बघायची. कुणाकडे जोडीला जिन्याचं काम, कुणाकडे नवा भाग उघडण्याचं. पाळी नाही, सगळे एकाच वेळी खेळतात, आणि बोलायचं नाही. इशारेही नाहीत. फक्त टक लावून बघायचं, किंवा मोठी लाल सोंगटी उचलून समोरच्यापुढे ठेवायची. तिचा अर्थ एवढाच, "अहो, काहीतरी करा." काय करा, ते सांगायचं नाही.

आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत हा खेळ बसला त्याचं एक कारण बाकीच्यांना चटकन कळणार नाही. आमच्या टेबलावर तीन जण मराठी घरचे, दोघं कन्नड आणि डिस्पॅचचा पोरगा दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलणारा. एरवी गप्पा एका भाषेत सुरू झाल्या की कुणीतरी बाजूला पडतं. इथं सगळेच मुके. पटावर अक्षरं नाहीत, फक्त रंग आणि चिन्हं. नियमांचं पुस्तक एकानं आधी वाचून ठेवलं की झालं.

पहिल्याच डावात आम्ही जी चूक केली ती सगळेच करतात. कार्डावरचा 'वर'चा बाण म्हणजे माझ्यापासून लांब, असं समोर बसलेल्या अक्कांना वाटलं. तसं नसतं. बाण पटाच्या दिशेनं धरायचा, माणसाच्या नाही. सगळी कार्डं सुरुवातीच्या चौकोनाशी जुळवून ठेवा आणि घड्याळ उलटण्याआधी प्रत्येकानं एकदा बोटानं आपली दिशा दाखवा. हे केलं नाही तर तीन मिनिटं भांडणातच जातात, तेही मुक्या भांडणात.

दुसरा डाव सविस्तर सांगतो, कारण खेळाचा खरा कस त्यात दिसला. पटावर काही ठिकाणी घड्याळाचं चिन्ह असतं. तिथं सोंगटी पोचली की वाळूचं घड्याळ उलटायचं, आणि ती जागा एकदाच वापरता येते. घड्याळ उलटलं की सगळ्यांना बोलायची मुभा, कुणीतरी पुढची चाल करेपर्यंत. वाळू मात्र चालूच. आमच्या वर्क्स मॅनेजर साहेबांना चिन्ह दिसलं, हिरवी सोंगटी एक घर लांब, दिशाही त्यांचीच. त्यांनी लगेच सरकवली. वर अजून दोन मिनिटांची वाळू शिल्लक होती. घड्याळ उलटल्यावर वर आली ती खालची, म्हणजे जेमतेम एका मिनिटाची. मदत म्हणून केलेल्या चालीनं एक मिनिट घालवलं, आणि ती जागाही गेली. हाच उलट हिशेब धरा. वर दहा सेकंद उरली असताना उलटलं तर हातात जवळजवळ तीन मिनिटं येतात. म्हणून सोंगटी चिन्हाच्या शेजारच्या घरात उभी करून ठेवायची आणि वाळूची धार बारीक होईपर्यंत थांबायचं. सगळा ताण या थांबण्यात आहे. हात शिवशिवत असतो, वाळू संपत असते आणि "आता!" म्हणायचीही सोय नसते.

बोलायची मुभा मिळाली तेव्हा सहाही जण एकदम बोलले आणि वीस सेकंद गेली. पुढं आम्ही ठरवून टाकलं, रंग सांगायचा आणि बोट ठेवून 'इल्लि' म्हणायचं. कन्नडमध्ये 'इथं'. एवढी भाषा पुरते. "पिवळा, इल्लि. जांभळा, इल्लि."

तरी शेवटी हरलोच. चारही सोंगट्या आपापल्या हत्याराच्या घरात एकाच वेळी उभ्या राहिल्या की चोरी झाली. तिथपर्यंत आम्ही बरोबर पोचलो होतो, पण रंगीत भोवऱ्यांच्या भरवशावर. भोवरा म्हणजे कुठूनही आपल्या रंगाच्या जागी उडी. चोरी होताच भोवरे बंद पडतात आणि दारापर्यंत पायीच जावं लागतं. नारिंगी सोंगटी पटाच्या पार टोकाला अडकली होती. म्हणून चौथी सोंगटी हत्यारावर नेण्याआधी थांबून बघा, की प्रत्येकाला दारापर्यंत चालत जायची वाट आहे का, आणि न वापरलेलं एखादं घड्याळाचं चिन्ह शिल्लक आहे का. नसेल तर तो डाव चोरीच्या आधीच गेलेला असतो.

आता वाईट बाजू. लाल सोंगटी ही फार कडू चीज आहे. आमच्या स्टोअरमधले मामा, वय अठ्ठावन्न, चष्मा कपाळावर. त्यांच्यापुढे ती चारदा आपटली गेली. चौथ्यांदा ते उठले, "चहा घेऊन येतो गा" म्हणाले आणि आलेच नाहीत. चूक आमची. तेव्हापासून मनात पाचपर्यंत मोजल्याशिवाय लाल सोंगटी उचलायची नाही, असा घरचा नियम केला. शिवाय खेळातच एक नियम आहे, घड्याळ उलटलं की सगळी कार्डं एकेक माणूस डावीकडे सरकवायची. सुरुवातीच्या सोप्या डावांत तो नसतो, पण आम्ही तो लवकर आणला. सगळ्यांची वाट अडवणारी दिशा मग एकाच माणसाच्या माथी बसत नाही. दुसऱ्या शनिवारी मामा आले, आणि साहेबांपुढे लाल सोंगटी आपटण्याचा मान त्यांनाच मिळाला.

डब्यावर आठ जणांपर्यंत लिहिलंय. मी चार ते सहाच बसवीन. चारांच्या पुढं एकच दिशा दोघांकडे जाऊ लागते, आणि सहाहून जास्त झाले की दोन हात एका सोंगटीवर पडतात आणि उरलेले नुसते बघत बसतात. तुम्ही दहा-बारा जण असाल तर दोन टेबलं करा. ट्यूबलाइटखाली खेळा, कारण पिवळ्या दिव्यात पिवळी आणि नारिंगी सोंगटी एकसारखी दिसते.

कुलपं, कोडी असा खोलीतून सुटण्याचाच खेळ हवा असेल तर 'एक्झिट' मालिकेतले डबे चांगले आहेत. पण त्यात कागद कापायचे, दुमडायचे असतात, त्यामुळं डबा एकदाच खेळता येतो. आणि खरं सांगायचं तर तिथं साहेब पुन्हा बोलायला मोकळे.

आमचा डबा स्टोअरमध्ये बेअरिंगांच्या शेल्फावर असतो. हरलेल्या टेबलानं कुंदा आणायचा असं ठरलंय. टेबल सगळं एकाच बाजूचं, त्यामुळं हरलो की सगळेच वर्गणी काढतो, आणि जिंकलो तरी काढतो.