टेदर ड्रोन, नोंद तिसरी: केबलचे वजन उतरले, पण जाडी नडली

टेदर ड्रोन म्हणजे जमिनीशी केबलने जोडलेला ड्रोन. केबलऐवजी अर्धा किलोचे वजन टांगून मोजले असता माझा ड्रोन एका जागी स्थिर राहण्यासाठी सुमारे ६०० वॅट घेतो. ४० मीटर उंचीवर तासन्‌तास थांबायचे, तर ही वीज जमिनीवरूनच पाठवावी लागते. ती थेट २४ व्होल्टवर पाठवण्याचा बेत कागदावरच संपला, कारण २५ अँपिअरसाठी जाण्यायेण्याची मिळून ८० मीटर तार धरली आणि व्होल्टेजमधील घट दहा टक्क्यांत ठेवली, तर नुसते तांबेच १० किलोच्या वर जाते. म्हणून जमिनीवरील युनिटमधून ४०० व्होल्ट डीसी वर पाठवून ड्रोनवरील कन्व्हर्टरने तो २४ व्होल्टवर आणला. आता केबलमधून जेमतेम १.६ अँपिअर वाहतात, ०.२ चौरस मिलिमीटरची तार पुरते आणि तांबे १५० ग्रॅमच्या आत बसते. इन्सुलेशन आणि ताण सोसणारा अरामिडचा धागा धरून केबल मीटरला ८ ग्रॅम, म्हणजे पूर्ण उंचीवर ३२० ग्रॅम भरते. (४०० व्होल्ट डीसीचा धक्का जीवघेणा असतो, वीज बंद केल्यावरही कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री मीटरने केल्याशिवाय मी कनेक्टरला हात लावत नाही.)

जमिनीवरील ड्रमची मोटर केबलवर सतत १५० ग्रॅमचा ताण ठेवते. ड्रोन १० मीटरवर असला, तरी वीज संपूर्ण ४० मीटर केबलमधूनच जाते, त्यामुळे तीन चतुर्थांश उष्णता ड्रमवरच्या वेटोळ्यांत कोंडते. आतल्या थरात एक तापमान सेन्सर पुरून ठेवला आहे तो यासाठीच.

खरी गडबड वाऱ्याने केली. सेकंदाला सुमारे ८ मीटर वारा असताना ड्रोन जागेवर टिकून होता, पण केबलशिवाय त्याच वाऱ्यात जेवढा झुकतो त्यापेक्षा चार अंश अधिक झुकलेला दिसला, आणि केबल ड्रमजवळ जवळजवळ आडवी होऊन मोठा बाक घेऊन वर गेली होती. हिशेब मांडला तेव्हा उलगडा झाला: ३ मिलिमीटर जाडीच्या या केबलवर वाऱ्याचा एकूण जोर सुमारे अर्धा किलो पडतो, म्हणजे केबलच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त, आणि त्यातला निम्म्याहून बराच अधिक ड्रोनला आडवा ओढतो. वजनाच्या मागे लागून मी तांबे बारीक केले, बाहेरचे पीव्हीसी आवरण मात्र जाड ठेवले होते. ड्रमचा ताण ३०० ग्रॅम केल्यावर बाक कमी झाला, पण वाढलेला प्रत्येक ग्रॅम ड्रोनलाच उचलावा लागतो, त्यामुळे तो उपाय सोडून दिला.

आता तेवढेच तांबे, पण पातळ फ्लोरोपॉलिमर आवरण घेऊन २ मिलिमीटरची केबल वळवून घेतली आहे, म्हणजे वाऱ्याचा जोर एक तृतीयांशाने घटायला हवा. पुढची चाचणी तशाच वाऱ्यात घेऊन झुकावाचा कोन पुन्हा मोजणार आहे.