बाळंतपण माहेरी, पत्रिका सासरच्या गावाची

मुलगी बारावीत होती. आई-वडील इंदूरचे, रामबागेकडचे. त्यांना आधीच कुणीतरी पत्रिका पाहून सांगितलं होतं की पोरगी गायिका होणार, कॉलेजच्या भानगडीत न पडता पूर्णवेळ गाण्याला घाला. वडिलांची तयारी होती, आईचा जीव खालीवर होत होता. सोबत आणलेल्या पत्रिकेत लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, मिथुन, २८ अंश ३० कला, आणि पंचमात तुळेचा शुक्र. मिथुन लग्नाला पंचमेश शुक्रच, आणि तो स्वगृही, पंचमातच. कला, रसिकता, सुरांची ओढ हे शुक्राकडे; प्रतिभा, नवं सुचणं हे पंचमाकडे. दोन्ही एकाच घरात पाहून ‘गायिका’ हा शब्द तोंडातून निघाला असेल तर नवल नाही.

पण लग्न २८ अंशांच्या पुढे असेल, तर भविष्य बोलण्याआधी जन्मवेळ आणि जन्मगाव पुन्हा विचारायचं असतं. पुढची रास दीड अंशावर येऊन थांबलेली असते. वेळ रात्री ११ वाजून २२ मिनिटं, इस्पितळाच्या कार्डावरची. गाव विचारलं तर वडील म्हणाले, “इंदूरच, गुरुजी.” तेव्हा आई म्हणाल्या, “अहो, असं काय? बाळंतपणाला मी माहेरी गेले होते ना, ग्वाल्हेरला. तिथल्या लष्कर भागात झाली ही.”

पहिलं बाळंतपण माहेरी आणि पत्रिकेत गाव मात्र सासरचं, हे आपल्या घरांत फार वेळा होतं. संगणकावर पत्ता म्हणून राहतं गाव भरलं जातं आणि पुढे कुणी विचारत नाही. ग्वाल्हेर इंदूरच्या पूर्वेला सव्वादोन रेखांशांहून थोडं जास्त आहे, म्हणजे स्थानिक वेळ नऊ मिनिटांहून थोडी पुढे. शिवाय ते साडेतीन अक्षांश उत्तरेला आहे, आणि मिथुनेच्या अखेरीस-कर्केच्या आरंभी हा उत्तरेचा फरकही लग्नाला पुढेच ढकलतो. दोन्ही मिळून लग्न साडेतीन अंशांनी सरकलं. ग्वाल्हेर घालून पत्रिका मांडली तेव्हा कर्क लग्न आलं, दोन अंशांचं. ग्रहांचे अंश कलेनेही हलले नाहीत, कारण जन्माचा क्षण तोच. घरं मात्र सगळी एकेकाने बदलली. नवमांशाने, म्हणजे राशीच्या नवव्या हिश्श्याने, इथे काही मदत होत नाही: मिथुनेचा शेवटचा नवमांश मिथुन आणि कर्केचा पहिला कर्क, त्यामुळे दोन्ही लग्नं वर्गोत्तमच, म्हणजे राशीत आणि नवमांशात एकच रास असलेली, दिसतात.

आता शुक्र चौथ्यात गेला. केंद्रात स्वगृही, म्हणजे मालव्य योग. ग्रह बलवानच, पण काम वेगळं. चौथ्यातला असा शुक्र घरात सूर, चांगलं ऐकणं, मनाचा निवारा देतो. तृतीय स्थान कन्या झालं आणि तिथे बुध १६ अंशांवर, स्वतःच्याच राशीत, उच्चीचा. सूर्य तुळेत पाच अंशांवर, बुधापासून १९ अंश दूर, म्हणजे बुध अस्तंगतही नाही. तृतीय म्हणजे हात, कान, आणि रोज उठून तेच काम करण्याचा नेट. हाताला बुध जोडला की लेखणी आली. हाच बुध नवमांशात वृषभेत, शुक्राच्या राशीत जातो. म्हणून हे लिहिणं कोरडं नसणार, त्याला लय आणि रस असणार.

चंद्र वृश्चिकेत १८ अंशांवर, नीच राशीत, आणि मंगळ कर्केत, तोही नीच राशीत. दोघं एकमेकांच्या राशीत, म्हणजे परिवर्तन योग; आधीच्या पत्रिकेत तो द्वितीय आणि षष्ठाचा होता. द्वितीयात, म्हणजे वाचास्थानात, षष्ठेश बसलेला, तरी गायिकेचं भाकीत केलेलं. शुक्र दिसला की द्वितीय बघायचंच राहून जातं, ही गाण्याच्या पत्रिकांमधली नेहमीची चूक. गळा द्वितीयावरून, रियाज तृतीयावरून, सुचणं पंचमावरून, भाव चंद्रावरून. एकटा शुक्र फक्त आवड सांगतो.

कर्क लग्नाला तेच परिवर्तन लग्न आणि पंचमाचं झालं. लग्नेश पंचमात, पंचमेश लग्नात: माणूस आणि त्याची प्रतिभा एकमेकांच्या घरी राहतात. दोघं नीच राशीत असल्यामुळे हे सुखासुखी होत नाही. वृश्चिकेचा चंद्र मनात साठवतो, खूप उशिरा आणि एकांतात बोलतो. त्यात चंद्र शुक्ल चतुर्थीचा, अजून बारीक. समोर माणसं बसली की असं मन मिटतं, कागद समोर असला की उघडतं. द्वितीयेश सूर्य तुळेत नीच राशीत, पण शुक्रासोबत. म्हणून आवाज गोड, बैठकीच्या खोलीत छान, मोठ्या सभागृहात मागपर्यंत पोचायला कमी.

हे सगळं पत्रिकेवर बोलणं झालं. खरं-खोटं मुलीला विचारूनच कळणार होतं. चंद्र ज्येष्ठा नक्षत्रात, म्हणजे जन्मदशा बुधाची, आणि नक्षत्राचा दहावा हिस्साच संपलेला. १७ वर्षांपैकी १५ वर्षं ३ महिने १८ दिवस उरलेले. तेव्हा विचारलं, पंधरा वर्षांपर्यंत न सांगता काय करत होतीस? आईच म्हणाल्या, गणेशोत्सवातल्या नाटुकल्या हीच लिहायची, धाकट्या भावाची भाषणंसुद्धा. हा धाकटा भाऊ याच दशेतला. तृतीय स्थान भावंडाचंही, ती एक साक्ष वेगळी.

मग तिची गाण्याची वही मागितली. भातखंडे लिपीत तीनतालातली बंदिश उतरवलेली, समेवर फुली, नवव्या मात्रेवर खालीचं शून्य. अंतऱ्याखाली पेन्सिलीने दुसरा अंतरा लिहिला होता, तिचा स्वतःचा. शब्द वेगळे, मात्रा त्याच सोळा, आणि सम जिथे पडायची तिथेच जोरकस अक्षर आणून ठेवलेलं. पुढच्या पाच-सहा पानांवर तेच. बाई ओरडतील म्हणून पेन्सिल, असं तिने सांगितलं. ताना किती वेळ घोटतेस म्हटल्यावर मात्र गप्प बसली.

त्यांना सांगितलं ते असं. गाणं सोडू नका, कारण तिचा कान तिथे घडतो आहे आणि लिहिण्यातली लय त्यातूनच येते. पण गाण्यासाठी कॉलेज सोडू नका. मराठी किंवा हिंदी साहित्य घेऊ द्या. आत्ता केतूची दशा आहे, ती साधारण बावीस वर्षं तीन महिन्यांपर्यंत. या काळात ती लिहील आणि फाडेल, त्यावरून हात गेला असं समजू नका. पुढे शुक्राची वीस वर्षं आहेत, तेव्हा चौथ्यातल्या त्या शुक्राचा खरा उपयोग दिसेल: गाण्यासाठी, रंगमंचासाठी लिहिणं. ती किती मोठी होईल हे पत्रिकेत नसतं, ते विचारू नका, असंही सांगितलं.

वडिलांची एक शंका रास्त होती: कार्डावरची वेळच चुकीची असेल तर? कर्क दोन अंश म्हणजे नऊ मिनिटांची सवलत. बाळ खरोखर ११ वाजून १३ मिनिटांच्या आधी झालं असेल तर लग्न पुन्हा मिथुन होतं, आणि बुध तृतीयातून उठून चौथ्यात जातो. ग्वाल्हेरच्या आजीला आणि त्या रात्री इस्पितळात असलेल्या मामांना विचारून घ्या म्हटलं. पण मिथुन धरलं तरी वाचास्थानात नीचीचा षष्ठेश मंगळ येतो, कर्क धरलं तर वाचास्थानाचा स्वामी नीच राशीत. पूर्णवेळ गाण्याची पैज दोन्हीकडून जोखमीचीच राहते, आणि कॉलेजचा अर्ज भरायला आजीच्या उत्तराची वाट पाहायची गरज नव्हती.