विनाथांबा बसमधली कबुली

«जिवलग मैत्रिणीचा भाऊ आवडायला लागलाय. आधी तिला सांगू की थेट त्यालाच? आणि ती नाही म्हणाली तर?»

आधी तिला. पण परवानगी मागायला म्हणून नाही. माझ्याकडून हीच गल्लत झाली होती.

मी आणि माझी मैत्रीण पुण्यात हॉस्टेलवर एका खोलीत राहायचो. तिचं घर साताऱ्याला. गणपतीत तिच्याकडे गेले तेव्हा तिचा दादा माझ्या डोक्यात शिरला, आणि दिवाळीपर्यंत काही निघाला नाही. दोन महिने थांबले हे बरंच केलं म्हणायचं, सणासुदीला नव्या सदऱ्यात कोणीही बरं दिसतं.

भाऊबीजेच्या संध्याकाळी त्याला पाटावर बसवलं होतं. ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, काकूंची अंगठी. मैत्रिणीचं ओवाळून झालं आणि काकू मला म्हणाल्या, "तूही ओवाळ गं, तुला कुठे भाऊ आहे!" माझ्या हातात ताट आलंसुद्धा. मी म्हटलं, "काकू, माझा हात भाजलाय." मग सगळ्यांनी हात बघितला. हाताला काहीच नव्हतं. त्याने बघितलं की नाही माहीत नाही, मैत्रिणीने मात्र बघितलं.

दुसऱ्या दिवशी स्वारगेटच्या विनाथांबा बसमध्ये, खंबाटकीचा बोगदा यायच्या जरा आधी, मी सांगून टाकलं. "मला तुझा दादा आवडतो. तुझी हरकत असेल तर मी विषय इथेच सोडते." बोगदा संपला तेव्हा ती म्हणाली, "मला काय, चालेल की." आणि कानात हेडफोन घातले ते पुण्यापर्यंत.

आता कळतं, मी दोन चुका केल्या. एक म्हणजे जागा. खिडकीजवळ ती, बाजूला मी, बस कुठे थांबणार नाही. बिचारी चिडली असती तरी उठून जाणार कुठे? असं काही सांगायचं तर दोघींना आपापल्या वाटेने निघून जाता येईल अशा ठिकाणी सांगावं. दुसरी चूक प्रश्नाची. "हरकत आहे का" विचारलं की समोरच्याला वाईटपणा घ्यायचा नसतो, मग "चालेल" येतं. झटकन आलेलं आणि पुढे एकही प्रश्न नसलेलं "चालेल" होकार धरू नका. खरंच चालणारी मैत्रीण लगेच चौकशा करते: कधीपासून, त्याला माहितेय का, ई, माझ्या दादात काय बघितलंस!

आठ दिवस ती माझ्याशी दूध, लाइटबिल आणि किल्ली याच विषयांवर बोलली. मग एका रात्री तीच म्हणाली, "मी कोण हो-नाही म्हणणारी? दादा काय माझ्या मालकीचा आहे? पण त्याच्याबद्दल मी तुला काय काय सांगितलंय, त्याचं काय?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याची फसलेली परीक्षा, आधीची मुलगी, बाबांशी झालेलं भांडण, तो कधी रडला, सगळं मला माहीत होतं आणि त्यातलं काहीच त्याने मला सांगितलेलं नव्हतं. उद्या रागाच्या भरात माझ्या तोंडून एक वाक्य निसटलं, तर दादाच्या नजरेतून उतरणार ती. आणि आमचं फिसकटलं तर पुढच्या दिवाळीला मला घरी बोलवायचं की नाही, हेही तिनेच ठरवायचं. म्हणजे विचारण्यासारखं हे होतं: तुला कशाची धास्ती वाटते?

त्या रात्री दीडपर्यंत बसून आम्ही ठरवलं. तिने सांगितलेलं त्याने स्वतःहून सांगेपर्यंत मला माहीत नाही. आमचे निरोप ती पोचवणार नाही. आणि त्याच्याशी मीच बोलणार, तिने आधी चाचपून बघायचं नाही. ती सपशेल नाही म्हणाली असती तर? कारण विचारलं असतं, आणि कारण या असल्या धास्तीचं असतं तर थांबले असते. निव्वळ "मला नाही आवडत" असतं, तर तिला सांगूनच पुढे गेले असते. लपूनछपून मात्र नाही.

मैत्रिणीचा जुना बॉयफ्रेंड असेल तर गणित वेगळं. तिथे तुम्ही त्याची एकच बाजू ऐकलेली असते, तीही तिच्या रडण्यातून. कोणी कोणाला सोडलं आणि ती अजून त्याचं स्टेटस बघते का, एवढं आधी नीट आठवून बघा. बघत असेल तर तूर्त गप्प बसा.

माझं पुढे काय झालं? महिन्याभराने त्याला विचारलं. तो कमालीचा अवघडला आणि म्हणाला, "अगं, मी तुला बहिणीसारखं..." वाक्य पुरं व्हायच्या आत मी चहा मागवला. रात्री खोलीवर मैत्रिणीने विचारलं, "काय म्हणाला?" मी सांगितलं. ती उशीत तोंड खुपसून इतकी हसली की शेवटी मीही हसले.

पुढच्या भाऊबीजेला काकू ताट घेऊन माझ्याकडे वळणार, तेवढ्यात ती स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, तिला नको देऊस, तिचा हात भाजलाय!"